उतारा मराठी, उत्तर इंग्रजी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते इंग्रजी शिकवायचे. म्हणून व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी मोठा विषय मागितला नाही. परीक्षेतला एक प्रश्न मागून घेतला. ‘खालील उताऱ्याचे इंग्रजीत भाषांतर करा.’ ही एवढी एक ओळ. संयोजक जरा नाराज झाले. तास कसा भरेल, असे त्यांना वाटले असावे. भरेल. कदाचित कमीच पडेल.

(एक खुलासा आधीच करतो. हे व्याख्यान पुढे छापले जाणार आहे. त्यातली इंग्रजी वाक्ये देवनागरीतच छापा, असे मी सांगितले आहे. आज ती तुमच्या कानावर पडणार आहेत, वाचणाऱ्याच्याही कानावरच पडावीत.)

आज दहावीच्या बोर्डाच्या इंग्रजी पेपरात भाषांतराचा प्रश्न येतो, पण तो इंग्रजीतून मराठीत. ती उताराची वाट आहे. इंग्रजी वाक्य समजले की मराठी आपोआप सुचते, कारण मराठी कुठे मोडली ते आपला कानच सांगतो. उलट दिशेचा प्रश्न शाळेच्या चाचणीत येतो, इंग्रजीच्या सरावात येतो, आणि पुढे स्पर्धा परीक्षेच्या वर्णनात्मक पेपरात पुन्हा समोर उभा राहतो. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात घेऊन हीच चढण चढली. शब्द पाठ करा, नियम वाचा, मग वाक्ये करा. त्या पाठमालेची आज चेष्टा होते. मी ती करणार नाही. पाठमालेतले वाक्य सुटे असायचे; परीक्षेत मात्र उतारा येतो, आणि उताऱ्यात एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून चालते. अडचण तिथे सुरू होते.

आज मी एकच उतारा घेणार आहे. तो मीच लिहिला आहे, आठ वाक्यांचा, आठवी-नववीच्या मुलाला झेपेल असा. ऐका.

‘आमच्या गावात दरवर्षी जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. लहानपणी मला गर्दीची भीती वाटायची, म्हणून मी यात्रेला जात नसे. एके वर्षी आजोबा मला खांद्यावर बसवून होम मैदानावर घेऊन गेले. मैदानावर मोठमोठे पाळणे होते. ते पाहून मी इतका खूश झालो की घरी जायचे नावच घेईना. आता मी दहा वर्षांपासून दर यात्रेला जातो. आजोबा आज नाहीत. पण पाळणा दिसला की त्यांची आठवण येते.’

कळायला काही अवघड आहे का? एकही शब्द नाही. आता याचे एक उत्तर ऐका. हे उत्तर मी जुळवले आहे, पण त्यातली प्रत्येक चूक कुणा ना कुणाच्या उत्तरपत्रिकेत पाहिलेली आहे.

‘इन अवर व्हिलेज एव्हरी इयर इन जॅन्युअरी सिद्धेश्वर्स यात्रा फिल्स. इन चाइल्डहुड टु मी क्राउड्स फिअर वॉज फीलिंग, देअरफोर आय वॉज नॉट गोइंग टु यात्रा. वन इयर ग्रँडफादर सिटिंग मी ऑन शोल्डर टुक अँड वेंट टु होम ग्राउंड…’

हसा, हसायला हरकत नाही. पण या मुलाला शब्द येत नाहीत, असे म्हणता येईल का? एकूण एक शब्द त्याला येतो. स्पेलिंगही बरोबर असते. वर्गात हा मुलगा हुशार गणला जातो, कारण शब्दार्थाच्या चाचणीत त्याला पैकीच्या पैकी मिळतात. मग उतारा का पडतो? कारण त्याने मराठी वाक्याच्या सुरुवातीला बोट ठेवले आणि बोट पुढे सरकेल तसा एकेक शब्द खाली उतरवला. मराठी वाक्याचा कारभार कुठून चालतो? शेवटून. क्रियापद शेवटी बसते आणि तिथून सगळ्यांना कामे वाटते. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद. जो डावीकडून सुरुवात करतो, त्याच्या हातात क्रियापद येते तेव्हा वाक्य अर्धे बिघडून झालेले असते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे आहे. उतारा हातात आला की पेन्सिल घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. भरते. वाटायची. जात नसे. घेऊन गेले. होते. झालो. घेईना. जातो. नाहीत. दिसला. येते. आता शब्दकोशातला अर्थ विसरा आणि स्वतःला विचारा, इथे घडले काय? ‘भरते’ म्हणजे इथे काही भांडे भरत नाही. यात्रा होते, आयोजित होते. इंग्रजीत ‘अ फेअर इज हेल्ड’. बाजार भरतो, शाळा भरते, अंगात कापरे भरते, दिवस भरतात. एकाच क्रियापदाला मराठीने किती कामे लावली आहेत पाहा.

त्यातही ‘लागणे’ हे सगळ्यांत कष्टाळू. भूक लागली, ठेच लागली, वेळ लागला, ताक आंबट लागले, दिवा लागला, निकाल लागला, पोराला अभ्यासाचे वेड लागले. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना वेगळे क्रियापद लागते (बघा, माझ्या तोंडीही आलेच). मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, दुसरी आवृत्ती 1857 साली. तेव्हापासून आजपर्यंत कोणताही प्रामाणिक कोश अशा शब्दापुढे एकच अर्थ देत नाही, यादी देतो. यादीतला पहिला अर्थ उचलायचा, ही सवय मुलाला लावली कुणी? आपणच. ‘लागणे म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात विचारून. प्रश्न असा हवा: ‘निकाल लागला म्हणजे काय झाले?’

आता दुसरी गोष्ट. आज मला खरे तर हीच सांगायची आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळणार आहे.

‘मला गर्दीची भीती वाटायची.’ या वाक्यात कर्ता कोण? व्याकरणाने पाहिले तर भीती. ‘भीती वाटते’, ‘भय वाटते’, ‘आश्चर्य वाटते’. क्रियापद त्या भावनेच्या मागे चालते. ‘मी’ तिथे ‘मला’ होऊन कडेला उभा असतो, जणू भीती कुठून तरी आली आणि त्याच्या अंगावर बसली. इंग्रजीला हे चालत नाही. ती म्हणते, भीती कुणाला वाटली? मुलाला. मग त्यालाच पुढे आणा, कर्त्याच्या जागी बसवा. ‘आय वॉज अफ्रेड ऑफ क्राउड्स.’ ‘मला भूक लागली’, ‘आय अॅम हंग्री’. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘मला पोहता येते’, ‘आय कॅन स्विम’. ‘मला घरी जायचे आहे’, ‘आय वाँट टु गो होम’. सगळीकडे ‘मला’ गेला आणि ‘आय’ आला.

आता सोलापूरकर म्हणून विचार करा. आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारी सगळीच मुले असतात का? पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला मुलगा घरी तेलुगू बोलतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून आलेल्या पोरांच्या घरी कन्नड. कुणाच्या घरी उर्दू. शिक्षकांच्या खोलीत तक्रार ऐकू येते, ‘यांची मराठीच धड नाही, इंग्रजी कुठून येणार?’ मला ही तक्रार पटत नाही. तेलुगू मुलगा घरी म्हणतो, ‘नाकु भयम् वेस्तुंदि.’ कन्नड मुलगा म्हणतो, ‘ननगे भय आगुत्ते.’ उर्दू बोलणारा म्हणतो, ‘मुझे डर लगता है.’ नाकु, ननगे, मुझे, मला! चौघेही भीतीला पुढे करतात आणि स्वतः मागे राहतात. क्रियापद चौघांचेही शेवटी. ‘जाऊन’, ‘पाहून’ अशी साखळी चौघेही लावतात. म्हणजे या शहरातल्या चारही घरांतून येणारे मूल इंग्रजीच्या दारात एकाच जागी ठेचकाळते. मग शिकवणे अवघड झाले की सोपे? सोपे झाले! एकच धडा चौघांना पुरतो. ‘मला’ असलेली दहा वाक्ये फळ्यावर लिहा, मुलांना ती आपापल्या घरच्या भाषेत म्हणून दाखवायला सांगा, आणि मग इंग्रजी काय वेगळे करते ते मुलांनाच शोधू द्या. तेलुगू, कन्नड आणि मराठी एका बाकावर बसलेली असण्याचा असा फायदा महाराष्ट्रातल्या किती शाळांना मिळतो?

साखळीचा विषय निघालाच आहे. ‘आजोबा मला खांद्यावर बसवून होम मैदानावर घेऊन गेले.’ इथे मुलाला तीन क्रिया दिसतात, बसवणे, घेणे, जाणे, आणि तो तिन्ही उतरवतो. कुणी ‘हॅविंग सॅट मी’ लिहितो, कारण ‘ऊन’ला ‘हॅविंग’ लावायचे, असे कुठल्या तरी मार्गदर्शकात वाचलेले असते. पण घडले काय? आजोबांनी एकच गोष्ट केली. ‘ग्रँडफादर कॅरिड मी ऑन हिज शोल्डर्स टु होम मैदान.’ क्रियापद एक. एक वाक्य सोडून पुढे ‘ते पाहून मी खूश झालो’, इथे ‘ऊन’ कारण सांगते: ‘आय वॉज हॅपी टु सी देम’. आणि ‘जेवून झोपलो’ म्हटले तर ‘ऊन’ फक्त क्रम सांगते, तिथे साधा ‘अँड’ पुरतो. ‘ऊन’ दिसले की आधी विचारा, हे रीत सांगते आहे, कारण सांगते आहे की क्रम? उत्तर मिळाले की इंग्रजी आपोआप ठरते.

या वाक्यात आणखी दोन खड्डे आहेत. ‘आजोबा गेले’. मराठीत आदराने अनेकवचन. पुढे ‘त्यांची आठवण’. मुलगा ‘दे’ आणि ‘देअर’ लिहितो, आणि परीक्षकाला प्रश्न पडतो, आजोबा किती होते? इंग्रजीत आदर सर्वनामात बसत नाही. आजोबा ‘ही’ आणि गुरुजीही ‘ही’. मुलांना हे लिहिताना अपराधी वाटते, असे मी पाहिले आहे. वाटू देऊ नका. दुसरा खड्डा आपल्या गावचाच आहे. ‘होम ग्राउंड’! जणू सोलापूरचा क्रिकेट संघ तिथे खेळतो. होम मैदानातला होम हा होमहवनातला. यात्रेत होमप्रदीपनाचा सोहळा तिथे होतो, म्हणून ते नाव. विशेषनाम जसेच्या तसे लिहायचे. ‘गाव’ मात्र विशेषनाम नाही, आणि इथे मुलगा हमखास ‘व्हिलेज’ लिहितो. सोलापूरला 1964 पासून महानगरपालिका आहे, तरी आपण ‘आमच्या गावात’च म्हणतो. इथे ‘टाऊन’ लिहा, ‘सिटी’ लिहा, पण व्हिलेज लिहिले तर यात्रा दुसरीकडेच भरली. ‘पाळणे’ही तसेच. शब्दार्थात पाळणा म्हणजे ‘क्रेडल’ पाठ केलेला असतो. गड्ड्यावर मोठमोठे क्रेडल? ‘जायंट व्हील’ लिहा. तो शब्द आठवला नाही तर ‘बिग व्हील’ लिहा, परीक्षकाला कळते. अडलेल्या शब्दासाठी वाक्य सोडून देणे हा खरा तोटा. हुरड्याला इंग्रजी शब्द नाही म्हणून काही हुरडा थांबत नाही; ‘टेंडर जवार रोस्टेड ऑन एम्बर्स’ म्हणा आणि पुढे चला.

आता तिसरी गोष्ट. ही पाठ्यपुस्तकात क्वचित सांगितली जाते. ‘अ’ आणि ‘द’ यांचे काय करायचे?

मराठीत हे शब्द नाहीत, म्हणून मूल एकतर ते गाळते, नाहीतर ‘अ’च्या जागी ‘वन’ लिहिते. आणि आपण नियम देतो, ‘पहिल्यांदा आला तर अ, नंतर द’. नियम बरोबर आहे, पण मराठी वाचताना मुलाने तो लावायचा कुठे? मराठी हीच गोष्ट सांगते, फक्त शब्दाने सांगत नाही, जागेने सांगते. ऐका. ‘पिशवीत पेढे होते.’ आणि ‘पेढे पिशवीत होते.’ शब्द तेच, तीनच. दोन्हींचा अर्थ एक आहे का? पहिल्यात पेढ्यांची आपल्याला खबर नव्हती. पिशवी उघडली आणि ते निघाले. ‘देअर वेअर पेढाज इन द बॅग.’ दुसऱ्यात पेढे आपल्याला ठाऊक होते, कुठे गेले ते शोधत होतो. ‘द पेढाज वेअर इन द बॅग.’ मराठीत नवी गोष्ट क्रियापदाच्या जवळ सरकते आणि माहीत असलेली पुढे येऊन बसते. आपण रोज असेच बोलतो. कुणी शिकवलेले नसते, आणि चुकतही नाही.

आता उताऱ्यात पाहा. ‘मैदानावर मोठमोठे पाळणे होते.’ पाळणे क्रियापदाला चिकटून आहेत, म्हणजे नवे. ‘देअर वेअर जायंट व्हील्स ऑन द ग्राउंड.’ मैदान आधीच्या वाक्यात आलेले, वाक्याच्या सुरुवातीला, म्हणून ‘द’. जो मुलगा ‘ऑन ग्राउंड बिग बिग क्रेडल्स वेअर’ लिहितो, त्याला ‘देअर वेअर’ येत नाही असे नाही. ते वापरायची वेळ कधी येते, ते त्याला कुणी सांगितलेले नाही. ही कसोटी सगळीकडे लागू पडते असा माझा दावा नाही. जोर देण्यासाठी आपण शब्द हलवतो, प्रश्नात हलवतो, आणि तिथे ती फसते. पण शालेय उताऱ्यातली वाक्ये सरळ असतात. तिथे ती बहुतेकदा कामी येते.

काळाबद्दल थोडक्यात सांगतो. ‘दहा वर्षांपासून जातो’ यातला ‘जातो’ वर्तमानकाळी आहे म्हणून मूल ‘आय अॅम गोइंग सिन्स टेन इयर्स’ लिहिते. क्रिया मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे, तर ‘आय हॅव बीन गोइंग फॉर टेन इयर्स’. मुदतीला ‘फॉर’, सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’. ‘जात नसे’ ही तेव्हाची सवय आहे, म्हणून साधा भूतकाळ: ‘आय डिड नॉट गो’. ‘वॉज नॉट गोइंग’ म्हटले की एकाच दिवसाची गोष्ट होते. ‘घरी जायचे नावच घेईना’ यात नाव कुणी घेतलेले नाही. मुलाने घरी जायला नकार दिला. ‘आय रिफ्यूज्ड टु गो होम.’ वाक्प्रचाराला इंग्रजी वाक्प्रचार शोधत बसू नका. साधा अर्थ लिहिला तरी चालतो. अर्थ चुकीचा असला तर मात्र चालत नाही.

आता पूर्ण उत्तर ऐका.

‘एव्हरी जॅन्युअरी, द फेअर ऑफ सिद्धेश्वर इज हेल्ड इन अवर टाऊन. अॅज अ चाइल्ड आय वॉज अफ्रेड ऑफ क्राउड्स, सो आय डिड नॉट गो टु द फेअर. वन इयर ग्रँडफादर कॅरिड मी ऑन हिज शोल्डर्स टु होम मैदान. देअर वेअर जायंट व्हील्स ऑन द ग्राउंड. आय वॉज सो हॅपी टु सी देम दॅट आय रिफ्यूज्ड टु गो होम. आय हॅव बीन गोइंग टु एव्हरी फेअर फॉर टेन इयर्स नाऊ. ग्रँडफादर इज नो मोर. बट व्हेनेव्हर आय सी अ जायंट व्हील, आय रिमेंबर हिम.’

हेच एकमेव बरोबर उत्तर आहे का? नाही. ‘मोठमोठे’ मी वेगळे लिहिलेच नाही, ते ‘जायंट’मध्ये आले. कुणी ‘ह्यूज’ लिहिले तरी चूक नाही. ‘आठवण येते’ला ‘आय मिस हिम’ लिहिले तर तेही चालेल, कदाचित जास्त बरे वाटेल. आठ मराठी वाक्यांची आठच इंग्रजी वाक्ये झाली, पण तसा काही नियम नाही. लांब वाक्य तोडले तरी चालते, फक्त त्यातली माहिती सांडू नये. आणि ‘माझे वडील शिक्षक आहेत’ असे वाक्य आले तर त्यावर एवढा विचार करत बसू नका. तिथे शब्दाला शब्द ठेवा, क्रियापद एकवचनी करून मधे आणा, शिक्षकाआधी ‘अ’ घाला, झाले.

मागच्या रांगेतल्या मुलांनो, शेवटचे काम तुमचे. उत्तर लिहून झाले की प्रश्नपत्रिका हाताने झाका आणि फक्त इंग्रजी मनात वाचा. मराठी समोर असली की डोळा चूक झाकतो, कारण अर्थ मराठीतून कळत राहतो. ‘टु मी क्राउड्स फिअर वॉज फीलिंग’ हे वाक्य एकटे वाचून पाहा. सोलापूर न पाहिलेल्या माणसाला हे कळेल का? जिथे अडखळाल तिथे क्रियापद आणि कर्ता पुन्हा तपासा. चूक बहुधा त्या दोघांतच सापडेल.

आणि शिक्षकांना एक विनंती. तपासताना आपण चुकीच्या शब्दाभोवती लाल गोल काढतो. मुलगा घरी जाऊन त्या शब्दाचा नवा अर्थ पाठ करतो आणि पुढच्या चाचणीत तेच वाक्य नव्या शब्दांनी बिघडवतो. येत्या घटक चाचणीत गोल काढू नका. बिघडलेल्या वाक्याच्या शेजारी समासात दोनच गोष्टी लिहा: कर्ता कोण आणि क्रियापद कोणते. बाकीचे वाक्य मुलाला पुन्हा लिहू द्या, आणि त्या दुसऱ्या लेखनाला गुण द्या.